ट्रेनिंगचं "नक्की या हं!" वालं आमंत्रण पाठवलं की निम्मी माणसं येत नाहीत: नॉमिनेशन मेल कसा दुरुस्त करायचा

मी एका नागरी सहकारी बँकेच्या हेड ऑफिसला ट्रेनिंगचं टेबल सांभाळतो. पंधरा शाखा, त्यातल्या चार-पाच अगदी लहान. दर दोन-तीन महिन्यांनी कुठलं ना कुठलं ट्रेनिंग असतं आणि दर वेळी कुणीतरी उत्साहाने आमंत्रण टाइप करून पाठवतं, मग ते माझ्याकडे येतं की "साहेब, कोणी येईना, जरा बघा ना". बिघाड इतक्या वेळा दुरुस्त केलाय की आता मेल उघडल्यावर पहिल्या दोन ओळींत कळतं कुठे अडणार आहे ते. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

आधी लक्षणं. यातली दोन-तीन जुळली तरी तुमचा बिघाड हाच आहे असं समजा.

मेलला उत्तर म्हणून फक्त अंगठे आणि "बघतो", "ट्राय करतो सर" येतंय. आदल्या संध्याकाळी सात वाजता फोन सुरू होतात, किती वाजता, कुठल्या मजल्यावर, जेवण आहे का. शाखाधिकारी म्हणतात मला कुणी विचारलंच नाही, माझा माणूस परस्पर कसा बोलावला. ज्याचा विषयाशी संबंध नाही तो येतो (आमच्याकडे एकदा खाती उघडण्याच्या ट्रेनिंगला वसुलीवाले तिघं येऊन बसले होते, नाश्ता चांगला असतो हे कळलं होतं त्यांना) आणि ज्याला खरी गरज तो शाखेत काउंटरवर अडकलेला. जेवणानंतर खुर्च्या रिकाम्या. आणि शेवटचं लक्षण उशिरा दिसतं, तपासणीला आलेले अधिकारी विचारतात कोणकोणाचं प्रशिक्षण झालं त्याची नोंद दाखवा, तेव्हा हातात हजेरीचा एक कागद ज्यावर अर्ध्या सह्या सकाळच्या, अर्ध्या कुणाच्या ते कळत नाही.

आता चालू केसच घेऊ, गेल्या नोव्हेंबरची. केवायसीचं ट्रेनिंग होतं. रिझर्व्ह बँकेच्या तेव्हा लागू असलेल्या केवायसीच्या 2016 च्या मास्टर डायरेक्शनमध्येच लिहिलं होतं की कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण सतत चालू ठेवायचं, त्यामुळे हे काही हौसेचं काम नाही. शाखेमागे दोन, म्हणजे तीस जण अपेक्षित होते. माझ्या सहकाऱ्याने सोमवारी 3 तारखेला पाठवलेला मेल असा होता:

विषय: चला शिकूया!! 🎉
हाय टीम! कसे आहात सगळे? फराळ पचला का? 😄 तर मंडळी, येत्या शनिवारी आपण सगळे हेड ऑफिसला भेटतोय! केवायसीवर एक मस्त सेशन ठेवलंय, बाहेरून सर येणार आहेत, खूप मजा येईल. चहा-नाश्ता-जेवण आपल्याकडून! सकाळी लवकर या, जास्तीत जास्त संख्येने या, प्लीज जमवाच!

तीसपैकी अकरा आले. आणि तरी मेल लिहिणाऱ्याला राग आला की लोकांना शिकायचंच नाही. लोकांचा दोष नव्हता हो. मेल पुन्हा वाचा आणि सांगा यात मला, म्हणजे शाखेतल्या एका क्लार्कला, कुठे म्हटलंय की मी यायचंय?

आता एकेक तपासणी, सोप्यापासून अवघडकडे. वरची दुरुस्ती झाल्याशिवाय खालची करू नका, कारण बऱ्याचदा दुसऱ्या-तिसऱ्या पायरीलाच काम होतं.

विषयाची ओळ (दोन मिनिटं)

शाखेत सकाळी मेल उघडतो तेव्हा वीस-पंचवीस मेल असतात, त्यात आयटीचे, ऑडिटचे, एटीएमचे. "चला शिकूया" हा त्यात शुभेच्छांच्या मेलसारखा दिसतो आणि शुभेच्छांसारखाच बाजूला पडतो. विषयात चार गोष्टी हव्यात, नामनिर्देशन हा शब्द, विषय, वार-तारीख, ठिकाण. तेवढ्याने मेल न उघडताही शाखाधिकाऱ्याला कळतं की आपला माणूस त्या दिवशी नसणार. चिन्हं, उद्गार काढून टाका, दोन उद्गारचिन्हं असलेला विषय मी तरी कामाचा मानत नाही.

तारीख कॅलेंडरसमोर ठेवून बघा (पाच मिनिटं)

"येत्या शनिवारी" हे सर्वात महागात पडलेलं वाक्य. 3 नोव्हेंबरला लिहिलेला येता शनिवार म्हणजे 8 तारीख, म्हणजे दुसरा शनिवार, म्हणजे बँकांना सुट्टी! सप्टेंबर 2015 पासून दुसरा आणि चौथा शनिवार बंद असतो हे आपल्याला पाठ असतं, पण मेल लिहिताना डोक्यात फक्त "शनिवारी गर्दी कमी" एवढंच असतं. कित्येकांना वाटलं चुकून टाइप झालंय, काहींनी सरळ गावाला जायचं बुकिंग केलेलं होतं. कुणीही फोन करून विचारलं नाही, कारण आमंत्रणाला जायचं की नाही हे विचारायची पद्धत नसते.

म्हणून वार आणि तारीख दोन्ही लिहा, एक चुकली की दुसरी ओरडते. सोबत पगाराचा आठवडा, तिमाही अखेर आणि जिथे ऑडिट चालू आहे त्या शाखा बघून घ्या.

वेळेचंही तेच. "सकाळी लवकर" म्हणजे कुणाचं आठ, कुणाचं अकरा. दोन वेळा वेगळ्या लिहायच्या, पोहोचण्याची आणि सुरू होण्याची. आणि त्या ठरवायच्या आधी लांबच्या शाखेला एक फोन. आमची एक शाखा साठेक किलोमीटरवर आहे, तिथून पहिली सोयीची एसटी पोहोचेपर्यंत दहा वाजतात, तिथला माणूस साडेनऊच्या ट्रेनिंगला येणारच कसा? त्याच्यापुरतं उशिरा चालेल म्हटलं की बाकीचेही उशिरा येतात. आम्ही सव्वादहा-साडेदहा धरलं आणि पाचला संपवलं, परतीची गाडी मिळते. शेवटची वेळ लिहिली नाही तर जेवणानंतर जाणाऱ्याला तुम्ही काय बोलणार, त्याला कुणी सांगितलं होतं पाचपर्यंत आहे म्हणून.

ठिकाण (दहा मिनिटं, उठून जाऊन बघायचं)

"हेड ऑफिसला" हे ठिकाण नाही. इमारत, मजला, खोलीचं नाव, एवढं हवं. आणि खोली खरंच आपल्या नावावर बुक आहे का हे जाऊन बघा, फोनवर विचारू नका, कारण आमच्याकडे बोर्डरूमची वही शिपायाकडे असते आणि संचालकांची मीटिंग आयत्या वेळी लागते. खोली बदलली तर नवा मेल "दुरुस्ती" शब्दाने सुरू करायचा. जुन्याच मेलला उत्तर देत बदल सांगितला की निम्मे लोक पहिलाच मेल वाचून पहिल्याच खोलीसमोर उभे राहतात.

मेल नक्की कोणाला गेलाय (पाऊण तास)

इथे खरी गंमत आहे आणि इथेच बहुतेक जण चुकतात.

आमच्यासारख्या बँकेत प्रत्येकाला वेगळा मेल आयडी नसतो, शाखेचा एक कॉमन आयडी असतो, तो सकाळी कुणीतरी उघडतं आणि वाचलेल्यावर अनरीड उरत नाही. "हाय टीम" लिहिलेला मेल उघडणाऱ्याने वाचला, हसला, आणि ज्याला यायचं होतं तो तेव्हा काउंटरवर पासबुक भरत होता. मेल पोहोचला, माणसापर्यंत नाही पोहोचला.

त्यामुळे नावं लिहायची. प्रत्येक शाखेपुढे नाव, पदनाम, गट. "शाखेमागे दोन जण पाठवा" असं लिहिलं की शाखा त्या दिवशी जो मोकळा असेल त्याला पाठवते, म्हणजे अनेकदा ज्याला खातं उघडायचं काम कधी दिलेलंच नाही त्याला. मेल शाखाधिकाऱ्याच्या नावे जातो आणि त्यात एक ओळ असते की खालील कर्मचाऱ्यांना दाखवून सही घ्यावी आणि पोच पाठवावी. ही सहीची ओळ जुनाट वाटेल पण त्यानंतर "मला माहीतच नव्हतं" हे वाक्य मी ऐकलेलं नाही.

शाखाधिकाऱ्याची संमती मेलच्या आधी (एक-दोन दिवस)

आमंत्रण आणि नामनिर्देशन यांत फरक काय तर आमंत्रणात जायचं की नाही हे येणारा ठरवतो, नामनिर्देशनात ते खात्याने आधीच ठरवलेलं असतं आणि मेल फक्त कळवतो. म्हणजे भाषा बदलून उपयोग नाही, आधी ते ठरलेलं असलं पाहिजे. नुसतं "हाय टीम" च्या जागी "महोदय" घातलं आणि मागे कुणाशी बोलला नाहीत, तर तो सूट घातलेला "हाय टीम"च.

लहान शाखेत हे का अडतं ते सांगतो. तिजोरीला दोन किल्ल्या लागतात, एक अधिकाऱ्याकडे, एक कॅशियरकडे, दोघं असल्याशिवाय कॅश बाहेर येत नाही. चार माणसांच्या शाखेतून तुम्ही एकाच दिवशी नेमके हेच दोघं बोलावले तर शाखा सकाळी उघडणारच नाही. शाखाधिकारी हे मेलवर लिहीत नाही, तो गप्प राहतो आणि त्या दिवशी माणूस पाठवत नाही, आणि आपण म्हणतो सहकार्य नाही! गेल्या नोव्हेंबरच्या अकरांत लहान शाखांतला एकही नव्हता, तो याचमुळे, सुट्टी हे वरवरचं कारण होतं. मला ते चौथ्या फोनला कळलं, एक मॅडम म्हणाल्या, "अहो सर, सुट्टी नसती तरी मी दोघांना सोडलं नसतं, किल्ली कोणाला देऊ, तुम्हाला?"

उपाय एकच, दोन गट करायचे आणि एका शाखेतला एकच माणूस एका गटात. आणि मेल निदान सात-आठ कामाचे दिवस आधी गेला पाहिजे, कारण किल्ली दुसऱ्याकडे द्यायची तर रजिस्टरला नोंद करून आदल्या संध्याकाळी द्यावी लागते, आणि बदली अधिकाऱ्याला व्यवहार पास करायचे अधिकार सिस्टीममध्ये आयटीकडून चालू करून घ्यावे लागतात. याला सकाळी दहा वाजता फोन करून काही होत नाही.

उपस्थितीचं वाक्य (लिहायला पाच मिनिटं, ठरवायला वेळ)

"जमवाच" काढलं की लोक तिथे "उपस्थिती अनिवार्य" टाकतात आणि समजतात झालं. अनिवार्य म्हणजे काय ते कुठे लिहिलंय? आमच्याकडे त्याची तीन वाक्यं आहेत. दोन सह्या, सकाळची आणि जेवणानंतरची, दोन्ही असतील आणि शेवटची चाचणी दिली असेल तरच प्रशिक्षण पूर्ण धरलं जाईल. येता येत नसेल तर बदली नाव शाखाधिकाऱ्याने अमुक तारखेपर्यंत कळवायचं, कर्मचाऱ्याने परस्पर नाही. त्यानंतर नाव बदलणार नाही, आजारपण सोडून. जेवणानंतरची सही सर्वात कामाची. ती नव्हती तेव्हा दोननंतर माझ्याकडे निम्मा वर्ग असायचा, आता बहुतेक पूर्ण असतो, कुणाला रागावलो नाही, धमकी दिली नाही.

आता हे सगळं घालून तयार झालेला मेल. तारीख बदलून गुरुवार-शुक्रवार केली आणि 10 नोव्हेंबरला पाठवला:

विषय: नामनिर्देशन: केवायसी प्रशिक्षण, गुरुवार 20 व शुक्रवार 21 नोव्हेंबर 2025, मुख्य कार्यालय

प्रति, शाखाधिकारी, सर्व शाखा

महोदय/महोदया,

खाती उघडणे व केवायसी अद्ययावत करणे हे काम पाहणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी एक दिवसाचे प्रशिक्षण दोन गटांत आयोजित केले आहे. आपल्याशी झालेल्या चर्चेनुसार आपल्या शाखेतून सोबतच्या यादीतील कर्मचाऱ्यांचे नामनिर्देशन करण्यात आले आहे. प्रत्येक शाखेतील एक कर्मचारी गट 1 मध्ये व एक गट 2 मध्ये आहे.

गट 1: गुरुवार, 20 नोव्हेंबर 2025
गट 2: शुक्रवार, 21 नोव्हेंबर 2025
स्थळ: मुख्य कार्यालय, दुसरा मजला, प्रशिक्षण कक्ष
पोहोचण्याची वेळ: सकाळी 10.15
प्रशिक्षण: सकाळी 10.30 ते सायंकाळी 5.00
भोजन: दुपारी 1.15 ते 2.00
चाचणी: दुपारी 4.15 ते 4.45

उपस्थिती: सकाळी 10.15 व दुपारी 2.00 अशा दोन वेळा स्वाक्षरी घेतली जाईल. दोन्ही स्वाक्षऱ्या व चाचणी असल्यासच प्रशिक्षण पूर्ण झाल्याची नोंद होईल.

बदल: नामनिर्देशित कर्मचारी येऊ शकत नसल्यास पर्यायी नाव आपण शुक्रवार, 14 नोव्हेंबरपर्यंत कळवावे. त्यानंतर आजारपणाव्यतिरिक्त बदल करता येणार नाही.

सोबत आणावे: शाखेत सध्या वापरात असलेला खाते उघडण्याचा कोरा अर्ज. ग्राहकांची कागदपत्रे किंवा त्यांच्या प्रती आणू नयेत.

प्रवासखर्च नियमाप्रमाणे देय राहील. उपवासाचे भोजन हवे असल्यास 14 नोव्हेंबरपर्यंत कळवावे.

हा मेल संबंधित कर्मचाऱ्यांना दाखवून त्यांची स्वाक्षरी घ्यावी व पोच बुधवार, 12 नोव्हेंबरपर्यंत पाठवावी. पोचेत कर्मचाऱ्याचे नाव, गट आणि त्या दिवशी तिजोरीची किल्ली कोणाकडे राहील, हे नमूद करावे.

आपला, (नाव, पद, प्रशिक्षण विभाग, विस्तारित क्रमांक)

कोरा अर्ज आणा हे मुद्दाम लिहिलंय. आधीच्या वेळी लोक रिकाम्या हाताने आले होते आणि पाहुणे सर कुठल्यातरी दुसऱ्याच बँकेचा फॉर्म दाखवून शिकवत बसले. एकाने मात्र मदत म्हणून ग्राहकांच्या आधारच्या झेरॉक्सची फाइलच पिशवीतून आणली होती, तेव्हापासून दुसरं वाक्यही घालतो. उपवासाची ओळ गुरुवारमुळे. हसू नका, आमच्याकडे गुरुवारी उपवास असणारे बरेच आहेत आणि साबुदाणा भिजवायला रात्र लागते.

किल्लीची ओळ सर्वात जास्त उपयोगी पडली. ती भरताना शाखाधिकाऱ्याला स्वतःलाच कळतं की अडचण आहे आणि तो 12 तारखेलाच फोन करतो, 20 तारखेच्या सकाळी नाही. दोन शाखांनी त्याच दिवशी गट अदलाबदल करून मागितले. दोन्ही दिवस मिळून तीसपैकी अठ्ठावीस आले, एक जण तापाने आजारी आणि एका ताईंच्या घरी अडचण होती, दोघांचे निरोप आधी आले होते.

उलटा बिघाड

काही जण इतके घाबरतात की मेल थेट "उपरोक्त विषयास अनुसरून आपणास या पत्राद्वारे कळविण्यात येते की" असा सुरू करतात आणि तारीख चौथ्या ओळीत एका लांबलचक वाक्याच्या पोटात जाते. शाखेतल्या माणसाला तारीख शोधायला लागली की तुमचा औपचारिक मेलही पहिल्या मेलइतकाच निकामी. "ट्रेनिंगचं", "आपलं" चं "प्रशिक्षणाचे", "आपले" केलं, नेमक्या क्रियापदांनी वाक्य संपवलं आणि वेळापत्रक वेगळ्या ओळींत मांडलं की पुरे होतं. आणि फराळ पचला का हे विचारायचंच असेल तर आदल्या दिवशी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर विचारा, तिथे चांगलं वाटतं, मीही टाकतो एखादा हसरा चेहरा. फक्त त्यात नवी माहिती घालू नका, वेळ बदलली तर मेलनेच.

इथे थांबा आणि वरच्याला बोलवा

ट्रेनिंग सुट्टीच्याच दिवशी घ्यायचं ठरलंय, तर मेल लिहू नका. बदली सुट्टी द्यायची की भत्ता हे प्रशिक्षण विभाग ठरवू शकत नाही, कर्मचारी विभागाकडून लेखी घ्या आणि मग त्यांच्याच शब्दांत मेलमध्ये टाका. "नंतर बघू" असं लिहिलेला मेल युनियनच्या हातात पडला की पुढचे दोन महिने तुम्ही तेच बघत बसता, मी बसलोय.

"अनुपस्थित राहिल्यास कारवाई करण्यात येईल" हे वाक्य आपल्या मनाने कधीच घालू नका. कारवाईचे अधिकार सेवानियमांप्रमाणे ज्याच्याकडे आहेत त्याचंच ते वाक्य, आणि ते लिहून पुढे काही केलं नाही तर पुढच्या मेलला कुणी विचारत नाही.

कुणी प्रसूतीरजेवरून नुकतं आलंय, कुणाला जिना चढता येत नाही, कुणाचे उपचार चालू आहेत, हे सीसीमध्ये चर्चेला काढायचं नाही. त्या व्यक्तीशी आणि कर्मचारी विभागाशी वेगळं बोलायचं.

बाहेरच्या संस्थेत माणूस पाठवायचा असेल, उदाहरणार्थ पुण्याच्या वैकुंठ मेहता संस्थेत, तर तिथे फॉर्म वेगळा, फी वेगळी आणि सही वरच्या अधिकाऱ्याची लागते, आपला मेल तिथे चालत नाही.

आणि दोन-तीन माणसांच्या शाखेतून कुणी सुटतच नसेल तर चौथा कडक मेल पाठवू नका. ऑपरेशन्सच्या साहेबांकडे जा, एका दिवसासाठी शेजारच्या शाखेतून माणूस मागा. आमच्या त्या मॅडमच्या शाखेला शेवटी तोच उपाय लागला, शेजारच्या शाखेतला एक अधिकारी गुरुवारी जाऊन बसला, किल्लीची नोंद बुधवारी संध्याकाळीच झाली होती.